पहाटे तीनला उठायचं असेल तर: आमच्या गावातून वर्ध्याची गाडी कशी गाठावी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पहाटे पाच वाजता बॅग घेऊन गावाच्या पारावर उभी होते. साडेपाचची एसटी धरायची, कळंबला उतरायचं आणि तिथून पुढे नागपूरला प्रशिक्षणाला जायचं असं ठरलं होतं. सहा वाजले, सव्वासहा झाले, तरी गाडीचा पत्ता नाही. शेवटी जागलीवरून परतणारे एक आजोबा माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "बाई, गाडी रात्री आलीच नाई, त सकाळी जाईन कोठून?"

त्या एका वाक्यात मला गावातल्या पहाटेच्या प्रवासाचं निम्मं शास्त्र मिळालं. पहिली गाडी ही मुक्कामी गाडी असते. ती रात्री आठ-नऊला येते, चालक-वाहक ग्रामपंचायतीत, शाळेच्या व्हरांड्यात किंवा गाडीतच झोपतात आणि सकाळी तीच गाडी परत जाते. म्हणून सकाळी गाडी आहे की नाही याचं उत्तर रात्री नऊलाच मिळतं. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण इथल्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

हा लेख गावात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आहे. शिक्षक, नर्सताई, ग्रामसेवक, बँकेत बदलून आलेले, किंवा शहरातून सून म्हणून आलेल्या. गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेत सांगलीकडच्या एक बाई रुजू झाल्या. त्यांची सत्तरीची आई भेटायला आली होती आणि तिला वर्ध्याहून सकाळी ६:०५ च्या रेल्वेत बसवायचं होतं. त्या प्रवासाची आखणी आम्ही दोघींनी मिळून केली. तीच इथे उदाहरण म्हणून घेते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यात आहे. हायवेच्या फाट्यापासून १२ किलोमीटर आत, आणि फाट्यापासून वर्धा साधारण ४५ किलोमीटर.

आधी तिकीट नीट वाचा

दोन गोष्टी पाहायच्या, तारीख आणि स्थानक. ऐकायला बाळबोध वाटतं, पण माणसं चुकतात ती इथेच.

रेल्वेची तारीख रात्री बाराला बदलते. आपल्या बोलण्यातली "रात्र" मात्र उजाडेपर्यंत चालते. तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००:३५ असेल, तर घरून १३ तारखेला संध्याकाळी निघायचं असतं. १४ च्या रात्री जेवूनखाऊन आरामात स्टेशनवर गेलात, तर गाडी जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. लांबून येणाऱ्या गाडीत आणखी एक फसगत होते. गाडी मुंबईहून १३ ला सुटते आणि आपल्या स्थानकावर १४ ला येते. तिकिटावर आपण जिथे चढणार त्या स्थानकासमोर छापलेली तारीख आणि वेळ तेवढी धरा. ती वेळ कागदावर चोवीस तासांच्या हिशेबात लिहा आणि खाली बोलीभाषेत लिहा: "गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर निघायचं." मग घरात कोणाचाच गोंधळ होत नाही.

दुसरं स्थानक. वर्धा आणि सेवाग्राम ही शेजारशेजारची, पण दोन वेगळी स्थानकं आहेत. सेवाग्रामला पूर्वी वर्धा पूर्व म्हणत, त्यामुळे जुनी माणसं दोन्हींना वर्धाच म्हणतात. नागपूरहून बल्लारशाकडे, म्हणजे दक्षिणेत जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामहूनच वळतात, वर्ध्याला येतच नाहीत. तिकिटावर `WR` असेल तर वर्धा आणि `SEGM` असेल तर सेवाग्राम. गाडीवाल्याला नुसतं "वर्धा स्टेशन" सांगून झोपी जाऊ नका. अमरावतीकडच्या लोकांचीही हीच गत आहे. मेन लाइनच्या गाड्या बडनेऱ्याला थांबतात आणि नवखा माणूस अमरावती स्टेशनवर जाऊन बसतो.

आमच्या तिकिटावर `WR` होतं. ते तसंच गाडीवाल्याला सांगून ठेवलं.

उलट मोजणी

आता कागद घ्या आणि गाडीच्या वेळेपासून मागे मोजत या. पुढे मोजत गेलं की माणूस स्वतःच्या सोयीचे आकडे धरतो. उलट मोजताना तशी लबाडी कमी होते.

गाडी ६:०५. म्हातारं माणूस सोबत, दोन बॅगा, प्लॅटफॉर्म बदलायचा झाला तर जिना चढायचा. म्हणून स्टेशनवर ५:३० ला पोचायचं. फाट्यापासून वर्धा ४५ किलोमीटर, रस्ता चौपदरी. पहाटे गाडी जोरात पळू शकते, पण पळवायची नाही, म्हणून ५० मिनिटं धरली. गाव ते फाटा १२ किलोमीटर. दिवसा हे अंतर वीस मिनिटांत होतं, अंधारात अर्धा तास लागतो. का, ते पुढे येईलच. एकूण झाले १ तास २० मिनिटं. त्यावर वीस मिनिटं फुकट धरली, पंक्चरसाठी, धुक्यासाठी किंवा रस्त्यात बसलेल्या गुरांसाठी. म्हणजे घरून ३:५० ला निघायचं.

उठायचं किती वाजता? आई सत्तरीच्या. उठणं, तोंड धुणं, अंघोळ, चहा, गोळी. पन्नास मिनिटं. म्हणजे तीन वाजता. झोप किमान सहा तास हवी असेल तर रात्री नऊला दिवा बंद.

एवढं मोजून झालं की ठरवायचं, की हा प्रवास पहाटे करायचाच का? माझा स्वतःचा नियम असा की उठायची वेळ अडीचच्या आत येत असेल तर आदल्या संध्याकाळीच निघावं. रात्री आठला झोप लागत नाही, माणूस कुस बदलत राहतो आणि दीडला उठतो. त्यापेक्षा शेवटच्या गाडीने वर्ध्याला जावं, नातेवाइकाकडे किंवा लॉजवर झोपावं. आरक्षित तिकीट असेल तर प्रतीक्षालयातही बसता येतं. ज्या स्थानकांवर विश्रामगृह आहे तिथली खोली निश्चित तिकिटाच्या पीएनआरवर मिळते, पण ती आधी पाहून ठेवावी लागते. आमची वेळ तीनची निघाली, म्हणून घरूनच जायचं ठरलं.

गाडी कोणती

एसटीने जमणार असेल तर एसटीच बरी. बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ च्या पुढच्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास फुकट. वयासाठी आधार कार्ड दाखवावं लागतं, ते वरच्या कप्प्यात ठेवा. सुटे पैसेही ठेवा. पहिल्या फेरीत वाहकाच्या पिशवीत मोड नसते आणि दिवसाची पहिली बाचाबाची तिथेच होते.

पण मुक्कामी गाडीवर विसंबताना ती कधी येत नाही हे माहीत हवं. मोठा पाऊस पडून नाल्यावरून पाणी गेलं की येत नाही. आषाढीला गाड्या पंढरपूरकडे वळवतात, निवडणुकीत मतदान पथकांना देतात, लग्नसराईत करारावर जातात. अशा दिवसांत आदल्या रात्री नऊला पारावर जाऊन डोळ्यांनी पाहायचं. गाडी उभी असेल तर वाहकालाच विचारायचं, "सकाळी किती वाजता काढता?" फलकावरची वेळ आणि त्याची वेळ यांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक असतो आणि खरी त्याची. गाडी आलेली नसेल तर त्याच क्षणी दुसरी सोय करायची. रात्री नऊला गावात चार माणसं जागी असतात, पहाटे पाचला तुम्ही एकटे.

आमच्या ६:०५ च्या रेल्वेसाठी एसटीचा उपयोग नव्हता. म्हणून गावातली बोलेरो स्पेशल ठरवली. स्पेशल ठरवताना भाड्याची घासाघीस सगळेच करतात. त्यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न मागे राहतात. संध्याकाळी सहाला आम्ही गाडीवाल्याच्या घरी गेलो. फोन केला नाही, कारण आमच्याकडे रेंज विहिरीजवळच्या चिंचेखाली येते आणि घरात जाते. त्याला चार गोष्टी विचारल्या. डिझेल भरलंय का? आडरस्त्याचे पंप पहाटे उघडे मिळतीलच असं नाही. स्टेपनीत हवा आहे का? आज रात्री कुठे लग्नाला किंवा भाड्याला जाणार आहेस का? आणि तू नाही आलास तर कोण येईल?

तिसऱ्या प्रश्नावर तो हसला. "बाई, वरात हाय चुलतभावाची. पण म्या जात नाई, जेवून येतो."

अशा उत्तरावर काय करायचं हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं. मी त्याच्या बायकोला सांगून आले की दहाच्या आत झोपव. पहाटे दोन ते सहा ही चालकाला डुलकी लागण्याची सर्वात वाईट वेळ असते. डोळे उघडे राहतात आणि चार-पाच सेकंद माणूस झोपलेला असतो. ताशी ६० च्या वेगात चार सेकंदांत गाडी ६५ मीटरच्या वर जाते. त्यामुळे प्रवाशापेक्षा चालकाच्या झोपेची चौकशी आधी करायची. दुसऱ्या माणसाचं नाव आणि घर त्याच्याकडूनच घेऊन ठेवलं, लागलं नाही ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी बांधाबांध

पहाटे तीनला वीज नाही असं धरून बांधायला बसा. आमच्याकडे ती बऱ्याचदा नसते. अंधारात, अर्धवट झोपेत, हाताने चाचपून जे सापडेल तेवढंच सोबत येणार आहे.

मी सामान तीन ठिकाणी लावते. पहिलं अंगावर: उद्याचे कपडे घडी करून खुर्चीवर, त्यांच्या खिशात तिकीट, ओळखपत्र, थोडे पैसे. कपडे रात्रीच एकदा घालून पाहा. सुटलेलं बटण पहाटेच दिसतं आणि सुई तेव्हाच सापडत नाही. दुसरी हातातली पिशवी: औषधं, पाण्याची बाटली, शिदोरी, चार्जर, एक शाल. तिसरी मोठी बॅग, जी प्रवासात उघडायचीच नाही. ती रात्रीच कुलूप लावून दाराशी ठेवायची. पहाटे उघडी राहिलेली मोठी बॅग म्हणजे हमखास उशीर. घरातली सगळी माणसं तिच्यात शेवटची एकेक वस्तू कोंबायला येतात. आईंच्या बॅगेत रात्री साडेआठला तूरडाळीची पिशवी शिरली होती, त्यानंतर मी किल्ली माझ्याकडे घेतली.

औषधांचं थोडं सविस्तर सांगते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी रोज सातला घेत असाल आणि आज तीनला उठणार असाल, तर ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांना किंवा नर्सताईंना आधीच विचारून ठेवा. साखरेच्या गोळीचं तर नक्कीच. ती घेतली आणि पुढे चार तास खाल्लं नाही, तर गाडीत घाम फुटतो, हात थरथरतात. आईंची साखरेची गोळी न्याहारीसोबतची होती. ती रेल्वेत बसल्यावर, पुरी खाताना घ्यायची असं ठरलं आणि तशी चिठ्ठी पिशवीत टाकली.

शिदोरी. इकडे शिदोरीशिवाय माणसाला कोणी जाऊ देत नाही, तेव्हा काय न्यायचं तेवढं आपल्या हातात ठेवा. रात्री करून सकाळी न्यायचं तर कोरडं हवं. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दुधात कणीक भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी. ओल्या कांद्याचा झुणका उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबतो. भाताचं नाव काढू नका. आणि गरम पोळ्या डब्यात कोंबून झाकण लावू नका. वाफेचं पाणी होतं आणि पोळ्या दुपारपर्यंत चिकट होऊन वास मारतात. पुऱ्या ताटात पसरून पूर्ण निवू द्या, मग सुती फडक्यात गुंडाळा. रात्रभर डबा जमिनीवर ठेवू नका, मुंग्या लागतात. पिशवी खुंटीला टांगा.

पाणी रात्रीच भरून ठेवा. पिण्याचं बाटलीत, अंघोळीचं बादलीत. नळ सकाळी सातला येतो, तुम्ही तेव्हा अकोल्याच्या वाटेवर असाल. गिझर असेल तरी चुलीची किंवा गॅसची सोय असू द्या. थंडीत आम्ही काड्या आणि ढलप्या रात्रीच चुलीत रचून ठेवतो, वर पातेलं पाण्याने भरून. पहाटे फक्त काडी ओढायची.

घर बंद करून सगळेच जाणार असाल तर आणखी एक. शेतातल्या किंवा विहिरीवरच्या मोटरीचा ऑटो स्विच बंद करा. रात्री गेलेली वीज तुम्ही निघाल्यावर येते, मोटर आपोआप सुरू होते आणि टाकी दिवसभर वाहते. शेजारच्या काकूंना किल्ली द्या, दुधवाल्याला सांगा आणि कुत्र्याचं पाहा.

झोप

लोक म्हणतात, लवकर उठायचं तर लवकर झोपा. रोज साडेदहाला झोपणाऱ्याला नऊला झोप येत नाही. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर उलट जास्त जागं असतं. अंथरुणावर पडून छताकडे बघत राहणं तेवढं होतं आणि झोप येत नाही म्हणून चिडचिड होते, तिने ती आणखी लांबते.

हातात असतं ते उठणं. प्रवासाच्या दोन दिवस आधीपासून पहाटे साडेचारला उठा. दुपारी झोपायचं नाही, फार झालं तर वीस मिनिटं. दिवसभराचा थकवा साठतो आणि दुसऱ्या रात्री नऊला डोळे आपोआप मिटतात. दोन दिवस मिळत नसतील तर निदान आदल्या दिवशी तरी. चहा दुपारी तीननंतर बंद, कारण घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनंतरही राहतो. आमच्या बाईंना संध्याकाळी सहाला शेजारणीने चहा दिला. गावात नाही म्हणता येत नाही. त्यावर उपाय एकच, "उद्या पहाटे प्रवास आहे, आज दूध द्या" असं सांगणं. ते कोणाला टोचत नाही.

जेवण साडेसातला, हलकं. रश्शाची भाजी आणि ठेचा त्या रात्री नको. नंतर फोन बाजूला.

गावात झोपेचे शत्रू निराळे आहेत. लग्नसराईत डीजे, गणपतीत भजन, आणि एप्रिल-मे मध्ये कूलर. कूलरच्या आवाजात झोप लागते, पण वीज गेली की ती शांतताच माणसाला उठवते, आणि लगेच घाम. म्हणून उन्हाळ्यात त्या रात्री कूलरच्या खोलीत झोपूच नका. गच्चीवर किंवा अंगणात बाज टाका, मच्छरदाणी लावा. पहाटे तीनला बाहेर अंग गार पडतं, उठणंही सोपं जातं.

आता गजर. फोन रात्रीच पूर्ण चार्ज करून घ्या, "पहाटे लावीन" म्हणाल आणि वीज नसेल. आजकालच्या बहुतेक स्मार्टफोनचा गजर फोन बंद असताना वाजत नाही, म्हणून बॅटरी वाचवायला फोन बंद करून झोपू नका. फ्लाइट मोडवर टाका, त्यात गजर वाजतो. तीनचा गजर दुपारी तीनला लागलेला नाही ना, फक्त सोमवार ते शुक्रवार अशी खूण नाही ना, हे पाहा. दुसरा गजर दुसऱ्या यंत्रावर लावा. आमच्याकडे एक जुना साधा फोन आहे, तो बंद ठेवला तरी गजराला जागा होतो. तो मी खाटेपासून चार पावलं लांब ठेवते, म्हणजे उठावंच लागतं. आणि एक माणूसही सांगून ठेवा. कापसाच्या किंवा हरभऱ्याच्या दिवसांत गावात कोणी ना कोणी जागलीला असतो. तो रात्री रानडुकरं हाकलत बसलेला असतो आणि तीनला तुमच्या दारावर थाप मारायला आनंदाने येतो.

झोपण्यापूर्वी १३९ ला फोन करून किंवा रेल्वेच्या ॲपवर गाडीची स्थिती पाहायला हरकत नाही. पण गाडी चाळीस मिनिटं उशिरा दिसली म्हणून गजर पुढे ढकलू नका. लांबच्या गाड्यांच्या वेळापत्रकात मोकळा वेळ ठेवलेला असतो, त्यात त्या उशीर भरून काढतात. तीन-चार तासांचा उशीर असेल तर गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेच्या धुक्यातून येणाऱ्या गाड्यांना तो होतो.

तीन ते तीन पन्नास

उठल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं चालत नाही. या वेळात काहीही ठरवायचं नसतं. कोणती शाल, कोणता डबा, लाइट बिल भरलं का, असले प्रश्न विचारणाऱ्या घरच्यांना गप्प बसवा. ठरवलेल्या क्रमाने हात चालू द्या: चूल पेटवा, तोंड धुवा, अंघोळ, कपडे, चहा. रात्री कागदावर तीन ओळी लिहून दाराला चिकटवल्या होत्या: गॅस, मोटर, किल्ली. निघताना तेवढ्याच वाचल्या.

गाडीवाला ३:४० पर्यंत दिसला नाही, तर हाक मारायला माणूस पाठवा. ३:५० ची वाट पाहू नका. आमचा ३:४५ ला आला, डोळे लाल, पण झोपलेला होता असं त्याची बायको आधीच सांगून गेली होती.

पायी पारापर्यंत जायचं असेल तर बॅटरी हवीच. पावसाळ्यात साप रस्त्यावर येऊन बसतात. आणि कितीही उशीर झाला तरी वावरातून आडवाट धरू नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली असते. ते बेकायदा आहे, पण असतं आणि दरवर्षी माणसं जातात. गावच्या माणसाला कोणतं वावर टाळायचं ते माहीत असतं, तुम्हाला नाही.

फाट्यापर्यंतचे १२ किलोमीटर

या तुकड्याला अर्धा तास का धरला, ते आता. अंधारात रोही रस्त्यात उभा असतो. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. दिव्याच्या झोतात तो पळत नाही, थिजून उभा राहतो, आणि एक गेला की मागून दुसरा येतो. रानडुकरांचंही तसंच, कळपाने आडवी जातात. डोळे चमकले की वेग कमी करायचा, हॉर्न देत बसायचं नाही आणि शेवटचं जनावर जाईपर्यंत थांबायचं.

नोव्हेंबर ते जानेवारी कापसाच्या बंड्या निघतात. संकलन केंद्रावर नंबर लवकर लागावा म्हणून शेतकरी रात्रीच बंडी जुंपतो. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. कापसाचा पांढरा ढीग धुक्यात धुक्यासारखाच दिसतो. धुकं असेल तर दिवे खालच्या झोतावर ठेवायचे. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

त्या पहाटे नाल्याजवळ धुकं होतं. बारा किलोमीटरला अठ्ठावीस मिनिटं लागली. पुढे हायवेवर रस्ता मोकळा, देवळीच्या पुढे चहाची एक टपरी उघडी होती, तिथे पाच मिनिटं थांबलो, चालकासाठी. स्टेशनवर ५:२२ ला पोचलो. हाताशी आठ मिनिटं जास्त होती आणि ती कामाला आली. गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर लागणार अशी घोषणा झाली, आईंनी जिना एकेक पायरी थांबत चढला.

परतीचा चालक

सोडायला येणाऱ्याचा विचार कोणी करत नाही. आपण डब्यात झोपतो, तो एकटा, अर्ध्या झोपेत, अजून अंधारातच परत निघतो. जाताना सोबत बोलायला माणसं असतात, येताना नसतात, म्हणून डुलकीचा धोका परतीलाच जास्त. भाडं ठरवतानाच सांगा की गाडी सुटल्यावर स्टेशनबाहेर वीस मिनिटं झोपून, उजाडल्यावर निघायचं. त्याच्या चहा-पोह्याचे पैसे वेगळे द्या. वर्ध्याला सकाळी तर्री-पोहे मिळतात, त्यासाठी तो थांबतोच.

आईंची गाडी ६:११ ला हलली. आम्ही बाहेर आलो तेव्हा बोलेरोची सीट मागे पाडून गाडीवाला तोंड उघडं टाकून झोपला होता. आम्ही त्याला उठवलं नाही. समोरच्या बाकावर बसून पुऱ्या खाल्ल्या आणि सात वाजता काचेवर टकटक केली.